ढोल-ताशाच्या फोटोचं कॉमिक: रेषा, काळं आणि ठिपके एकदम मागू नका

प्रश्न: «गणपतीत सोसायटीच्या मांडवात लावायला आमच्या पथकाच्या फोटोंची कॉमिकसारखी चित्रं करतोय, ए-३ आकारात. मोबाइल अ‍ॅपमध्ये केलं तर चेहऱ्यांवर काळे डाग येतात, मागची गर्दी म्हणजे नुसता गिचका, आणि काळे केस उलट पांढरे दिसतात. गिम्पमध्ये ठिपके टाकून प्रिंट काढली तर त्यात पट्टे आले. पेन्सिल स्केच त्यातल्या त्यात बरं येतं. नेमकं कुठे चुकतंय?»

तुमच्या हातून काही चुकत नाहीये. एकाच फिल्टरकडून तीन कामं मागितली जातायत, आणि ती तिन्ही एकाच ठिकाणी होत नाहीत. कॉमिकच्या चित्रात शाईची रेषा असते, भरीव काळा भाग असतो आणि ठिपक्यांची छटा असते. हाताने चित्र काढणारा माणूस या तीन गोष्टींचा निर्णय वेगवेगळा घेतो. अ‍ॅप मात्र एका आकड्यावरून तिन्ही ठरवतं, म्हणून केस पांढरे होतात आणि गालावर डाग पडतात. मी छपाईसाठी मांडणी आणि चित्रांची तयारी करतो. अंकात फोटोवरून चित्र करायचं असेल तेव्हा तीन वेगळे लेअर करूनच काम होतं. खाली तुमचंच उदाहरण घेऊन सांगतो: पांढरे कुर्ते, भगवे फेटे, पुढे दोन-तीन ढोलवाले, मागे गर्दी.

आधी एक कबुली. खाली दिलेले आकडे ए-३ आकारासाठी आणि पाच-सहा फुटांवरून बघण्यासाठी आहेत. फोटो भर दुपारच्या उन्हातला असेल की ढगाळ संध्याकाळचा, यावर निम्मं काम बदलतं. प्रिंट लेझरवर निघणार की इंकजेटवर, यावर ठिपक्यांचा शेवटचा आकडा बदलतो. म्हणून आकड्यामागचं कारण लक्षात ठेवा, आकडा तुमच्या फोटोवर ठरवा.

पेन्सिल स्केच बरं का येतं, तिथून सुरुवात करू, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं. सगळीकडे सांगितली जाणारी पद्धत अशी: फोटो कृष्णधवल करा, त्याची प्रत उलटी करा म्हणजे निगेटिव्ह, ती धूसर करा, आणि `Dodge` मोडमध्ये वर ठेवा. हे जादूसारखं वाटतं, पण गणित मांडलं तर एवढंच उरतं: प्रत्येक पिक्सेलला त्याच्या आजूबाजूच्या सरासरीने भागायचं. पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा काळा असेल तर भागाकार एकापेक्षा कमी येतो आणि तिथे करडी खूण उमटते. शेजाऱ्यांइतकाच किंवा जास्त उजळ असेल तर उत्तर एक किंवा त्याहून मोठं, म्हणजे पांढरा कागद. गिम्पमध्ये उलटं करायची गरजही नाही. कृष्णधवल लेअरची प्रत करा, वरच्या प्रतीला `Gaussian Blur` द्या आणि तिचा मोड `Divide` करा. स्केच तयार.

या एका वाक्यातून तुमच्या दोन तक्रारींचं उत्तर मिळतं. केसांच्या मधल्या भागात सगळेच पिक्सेल काळे, म्हणजे शेजारीही काळे. काळ्याला काळ्याने भागलं की उत्तर एक, म्हणून तिथे कागद पांढरा राहतो आणि फक्त कडा उमटते. फिल्टरला केस दिसतच नाहीत, फक्त फरक दिसतो. पेन्सिलच्या चित्रात हे खपून जातं, कारण हलकं, अर्धवट सोडलेलं स्केच आपल्याला मान्य असतं. कॉमिकमध्ये खपत नाही, तिथे केस काळेच लागतात. डागांचंही तसंच. गालावरचा घाम, दाढीचे खुंट, नाकाची सावली हेही फरकच आहेत. फेट्याची कडा महत्त्वाची आणि खुंट बिनमहत्त्वाचे, हे फिल्टरला कोणी सांगितलेलं नसतं. ते आपण आधी सांगायचं.

आता क्रम. पहिलं काम आकाराचं, आणि ते शेवटी नाही, अगदी सुरुवातीला. ए-३ आडवा कागद ३०० पिक्सेल प्रति इंच या हिशेबाने ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल होतो. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० असतो. तो `Scale Image` मधून ४९६१ रुंदीचा केलात की उंची ३७२१ होते. वरून-खालून मिळून २१३ पिक्सेल कापून टाका. यापुढे शेवटपर्यंत आकाराला हात लावायचा नाही. तुमच्या प्रिंटमधल्या पट्ट्यांचं मूळ जवळजवळ नक्की इथेच आहे, त्यावर पुढे येतो.

दुसरं काम, बारीक फरक मारून मोठे फरक ठेवणं. साधा ब्लर दोन्ही मारतो. `Selective Gaussian Blur` मात्र ठरावीक फरकाच्या आतले पिक्सेलच एकमेकांत मिसळतो, त्यापुढचा फरक म्हणजे कडा समजून सोडून देतो. त्यात `Max. delta` नावाचा आकडा असतो. तो ०.१ च्या आसपास आणि रेडियस ८ ठेवून बघा. बरोबर जमलंय हे ओळखायचं कसं? फोटो १०० टक्के झूमवर ठेवा. कुर्त्याच्या कापडाची वीण गेलेली असली पाहिजे, पण टिपरू धरलेल्या हाताची बोटं अजून वेगवेगळी मोजता आली पाहिजेत. वीण दिसतेय तर आकडा थोडा वाढवा. बोटं एक झाली तर पुढे गेलात. एकदम जोरात लावण्यापेक्षा हलक्या हाताने दोनदा लावलेलं बरं दिसतं.

तिसरी गोष्ट फारसं कोणी करत नाही आणि फरक सगळ्यात जास्त तिनेच पडतो: कृष्णधवल कसं करायचं. नुसतं `Desaturate` केलं की भगवा फेटा आणि उन्हातला सावळा चेहरा जवळपास एकाच करड्या रंगात येऊ शकतात, मग कपाळ आणि फेटा यांच्यामधली रेषाच गायब. फोटोत लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल असतात आणि प्रत्येकात हाच फोटो वेगळा दिसतो. लाल चॅनेलमध्ये आपली त्वचा उजळ आणि गुळगुळीत येते, डाग आणि पुटकुळ्या फिक्या पडतात. निळ्यात त्वचा काळवंडते, प्रत्येक खड्डा दिसतो, शिवाय मोबाइलच्या फोटोतला दाणाही तिथेच सगळ्यात जास्त असतो. पण भगवा रंग निळ्यात जवळपास काळा येतो, म्हणजे फेटा पांढऱ्या कुर्त्यापासून अगदी सुटा होतो. म्हणून मी `Mono Mixer` वापरून दोन कृष्णधवल प्रती करतो. एक जवळपास पूर्ण लाल, फक्त चेहऱ्यांसाठी. दुसरी हिरव्यावर भर देऊन, थोडा निळा मिसळून, बाकी सगळ्यासाठी. चेहऱ्यांवर मास्क करून दोन्ही एकत्र आणतो. तुमचा फोटो निळ्या आकाशाखाली असेल तर आणखी एक फायदा: लाल चॅनेलमध्ये आकाश गडद होतं आणि पांढऱ्या कुर्त्याची कडा आपोआप मिळते. पण गणपतीच्या दिवसांत आकाश बहुतेकदा ढगाळ पांढरं असतं. तिथे पांढऱ्यावर पांढरं, फरकच नाही, आणि जगातला कुठलाही फिल्टर ती रेषा काढणार नाही. खांदा आणि बाही यांच्या चार-पाच रेषा टॅबलेटने किंवा माउसनेच ओढाव्या लागतात. त्यात कमीपणा काही नाही.

आता रेषेचा लेअर. त्या कृष्णधवल लेअरची प्रत, तिला ९ पिक्सेलचा ब्लर, मोड `Divide`, आणि जे दिसतंय त्याचा `New from Visible` ने नवा लेअर. ब्लरचा आकडा म्हणजे व्यवहारात रेषेची जाडी. ३०० पिक्सेल प्रति इंचला ९ पिक्सेल म्हणजे पाऊण मिलिमीटर, पाच फुटांवरून ठसठशीत दिसणारी रेषा. हाच आकडा २५-३० केलात तर रेषेऐवजी मऊ छाया येते. पेन्सिल हवी असेल तर तिथेच थांबा. शाई हवी असेल तर `Levels` मध्ये जा आणि काळं टोक २१० वर, पांढरं टोक २४० वर आणा. म्हणजे जो पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा साधारण अठरा टक्क्यांहून जास्त काळा आहे तो पूर्ण काळा, जो सहा टक्क्यांच्या आत आहे तो पूर्ण पांढरा, मधल्या पट्ट्यात थोडी मऊ कडा. पांढऱ्या भागात अजून मिरी पेरल्यासारखे कण दिसत असतील तर पांढरं टोक खाली आणा. रेषा तुटत असतील तर काळं टोक वर न्या. दोन्ही तक्रारी एकाच वेळी असतील तर इथे भांडत बसू नका, मागे जाऊन गुळगुळीत करण्याचं काम पुन्हा करा.

गर्दीचा गिचका कमी करायला या लेअरवर पांढरा ब्रश घ्या आणि गर्दीतल्या रेषा सरळ पुसून टाका. गर्दी जाणार नाही, ती पुढे ठिपक्यांच्या लेअरमध्ये येणार आहे, फक्त तिला शाईची कडा नसेल. जवळच्याला रेषा, लांबच्याला नुसती छटा, ही कॉमिकमधली जुनी रीत आहे. डोळा लगेच समजतो की ढोलवाला पुढे आहे. फक्त एक काळजी घ्या. वर सांगितलं तसं या पद्धतीत रेषा नेहमी कडेच्या गडद बाजूला पडते. पांढरा कुर्ता आणि मागची गडद गर्दी यांच्यामधली रेषा कुर्त्यावर नसते, गर्दीवर असते. गर्दी पुसताना ब्रश अगदी कुर्त्याला टेकवलात तर कुर्त्याची बाह्यरेषाच पुसली जाईल. कडेपासून पंधरा-वीस पिक्सेल सोडून पुसा.

बरेच जण विचारतात की `Edge-Detect` मेनूमधले सोबेल किंवा लाप्लास का नको. सोबेल प्रत्येक कडेला फरकाच्या प्रमाणात उजळपणा देतो, त्यामुळे रेषा जाड-बारीक न होता गडद-फिकी होते, आणि शाई तशी दिसत नाही. लाप्लास प्रत्येक दाण्यावर उचकतो. जॉन कॅनी यांची १९८६ ची पद्धत अचूक आहे, पण ती एक पिक्सेल जाडीची सारखी तार देते. मोजमापाला ती उत्तम, चित्रात निर्जीव. `Difference of Gaussians` मात्र आपल्या भागाकाराचा सख्खा भाऊ आहे: दोन वेगवेगळ्या ब्लरची वजाबाकी. वजाबाकीत अंधाऱ्या भागातले फरक लहान आकड्यांचे असल्यामुळे ते हरवतात. भागाकारात प्रमाण बघितलं जातं, म्हणून सावलीतल्या ढोलाच्या दोऱ्याही मिळतात. संध्याकाळच्या फोटोंना मी म्हणूनच भागाकार पसंत करतो.

तुमच्याकडे असे बरेच फोटो असतील, तर रेषेपर्यंतचं काम पायथॉनमध्ये ओपनसीव्हीने एकदम उरकता येतं. खालच्या तुकड्यात लाल चॅनेलच घेतला आहे. फाइलचं नाव तुमचं घाला.

```python
import cv2
img = cv2.imread("dhol.png")
for _ in range(3):
    img = cv2.bilateralFilter(img, 9, 30, 7)
red = img[:, :, 2]
blur = cv2.GaussianBlur(red, (0, 0), 9)
sketch = cv2.divide(red, blur, scale=255)
cv2.imwrite("sketch.png", sketch)
```

इथे `bilateralFilter` ते कडा राखून गुळगुळीत करण्याचं काम करतो, आणि त्यातला ३० हा आकडा म्हणजे किती फरकापर्यंत मिसळायचं. `img[:, :, 2]` म्हणजे लाल, कारण ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल अशा उलट्या क्रमाने ठेवतं. शाईसाठीचे `Levels`, पुसणं आणि हाताच्या रेषा मात्र प्रत्येक फोटोला बघूनच कराव्या लागतात.

दुसरा लेअर भरीव काळ्याचा. केस, दाढी, चपलांच्या खालची सावली, ढोलाच्या पानाखालची अंधारी कड. गुळगुळीत केलेल्या कृष्णधवल फोटोची वेगळी प्रत घ्या, तिला पाच पिक्सेलचा ब्लर द्या म्हणजे कडा गोलसर होतील, आणि `Threshold` २५५ पैकी ५५-६० वर लावा. त्यापेक्षा गडद सगळं काळं, बाकी पांढरं. आता तपासायचं ते चेहऱ्यांवर. दुपारचं ऊन डोक्यावर असेल तर डोळ्यांच्या खोबणी आणि हनुवटीखालचा भाग भरीव काळा होतो आणि माणसं खलनायक दिसायला लागतात. तेवढे भाग पांढऱ्या ब्रशने मोकळे करा, त्यांना पुढे ठिपके मिळतील. उलट कुणाचे काळेभोर केस उन्हात चमकल्यामुळे अर्धवट भरले गेले असतील तर ते स्वतः काळे भरा, चमकेची एखादी पट्टी ठेवून. या लेअरवर ब्रश जितका मोकळा फिरेल तितकं चित्र फोटोपासून सुटतं. इथे दहा मिनिटं जास्त द्या आणि रेषेच्या लेअरवर वाचवा, असं मी सांगेन.

आता ठिपके, आणि इथे थोडं सविस्तर बोलू. वर्तमानपत्रातल्या फोटोचे ठिपके आणि जुन्या कॉमिकचे ठिपके दिसायला भाऊ वाटले तरी वेगळे आहेत. फोटोच्या हाफटोनमध्ये ठिपके एका ओळीत असतात पण छटेप्रमाणे लहान-मोठे होत जातात. कॉमिकमध्ये एका भागातले सगळे ठिपके सारखेच: गालाला एक छटा, शर्टाला दुसरी. छापील चित्रात अशी सपाट ठिपक्यांची छटा भरायची पद्धत बेंजामिन डे ज्युनिअर या अमेरिकन छपाईवाल्याने १८७९ मध्ये आणली, म्हणून अजूनही तिला बेन-डे ठिपके म्हणतात. पुढे अमेरिकेतली स्वस्त कॉमिक्स निळा, किरमिजी आणि पिवळा या तीन शाया ०, २५, ५० आणि १०० टक्के एवढ्याच प्रमाणात वापरून रंगवली जात. प्रत्येक शाईच्या चार पायऱ्या, म्हणून सगळे मिळून ६४ रंग. (हाफटोनच्या शास्त्रावर आपल्याकडेही मोठं काम झालंय. कोलकात्याच्या उपेंद्रकिशोर रायचौधुरींचे यावरचे लेख इंग्लंडमधल्या पेनरोजच्या छपाई वार्षिकात छापून येत. सत्यजित राय यांचे ते आजोबा.)

तर फोटोवर थेट ठिपक्यांचा फिल्टर लावला की वर्तमानपत्रातला फोटो मिळतो, कॉमिक नाही. आधी छटा तोडाव्या लागतात. गुळगुळीत कृष्णधवल प्रतीला `Posterize` चार पायऱ्यांवर लावा. काळा, पांढरा आणि मधल्या दोन छटा उरतील: ८५ आणि १७०, म्हणजे अंदाजे ६७ आणि ३३ टक्के शाई. मी `Curves` मधून त्या उचलून १३० आणि १९५ च्या आसपास नेतो, म्हणजे साधारण ५० आणि २५ टक्के शाई. कारण साधं आहे. चौकटीतले गोल ठिपके सुमारे ७८ टक्क्यांना एकमेकांना टेकतात, आणि छपाईत शाई किंवा टोनर पसरून प्रत्येक ठिपका थोडा फुगतोच. ६७ टक्क्यांची छटा स्क्रीनवर नीट दिसली तरी कागदावर ठिपके चिकटून काळपट लगदा होण्याचा धोका असतो. ५० ला मोकळी जागा पुरते. भरीव काळं तर आपण वेगळ्या लेअरमध्ये आधीच घेतलंय, म्हणून इथला काळा भाग पांढरा केलात तरी चालतं.

ठिपक्यांचा आकार बघण्याच्या अंतरावरून ठरवा. निरोगी डोळ्याला सुटं दिसण्याची मर्यादा साधारण एक कोनीय मिनिट धरतात. पाच-सहा फुटांवर म्हणजे सुमारे १.८ मीटरवर ती अर्धा मिलिमीटर होते. ठिपके ठिपके म्हणूनच दिसायला हवे असतील तर दोन ठिपक्यांमधलं अंतर त्याच्या दुप्पट, एक मिलिमीटर ठेवा. ३०० पिक्सेल प्रति इंचला ते १२ पिक्सेल. `Newsprint` फिल्टर `Filters` मेनूत `Distorts` खाली आहे. त्यात रंगपद्धत `Black on White`, आकार `Circle`, `Period` १२ आणि कोन ४५ अंश ठेवा. ४५ का, तर आडव्या-उभ्या ओळी डोळा पटकन पकडतो, तिरक्या कमी पकडतो. शेवटी `Threshold` १२७ वर लावून ठिपक्यांच्या कडा पक्क्या काळ्या-पांढऱ्या करा.

याच १२ वरून आणखी एक हिशेब करा. मागच्या रांगेतल्या माणसाचा चेहरा ए-३ वर अडीच सेंटिमीटर उंच असेल तर तो सुमारे ३०० पिक्सेल झाला, म्हणजे डोक्यापासून हनुवटीपर्यंत फक्त २५ ठिपके. त्याचा एक डोळा तीन-चार ठिपके रुंद. तीन ठिपक्यांत डोळा काढता येत नाही. म्हणून लहान चेहऱ्यांवरचे ठिपके मी मास्कने काढूनच टाकतो, तिथे फक्त रेषा ठेवतो. मोठ्या चेहऱ्यांवर फक्त सावलीच्या बाजूला २५ टक्क्यांची छटा ठेवतो. उजेडाची बाजू कोरी. चेहऱ्यांवरचे डाग निम्मे इथेच जातात.

लेअरचा क्रम असा: सगळ्यात खाली कोरा पांढरा, त्यावर सपाट रंग हवे असतील तर ते, मग ठिपके, मग भरीव काळं, वर रेषा. वरचे तिन्ही `Multiply` मोडमध्ये. काळे ठिपके काळ्या रेषेला चिकटून रेषा मण्यांच्या माळेसारखी खडबडीत दिसायला लागली तर दोन उपाय आहेत. एकतर रेषेच्या लगतची तीन-चार पिक्सेलची पट्टी ठिपक्यांच्या लेअरमध्ये कोरी करा. किंवा ठिपके काळे न ठेवता रंगीत करा. तुमच्या विषयाला मी दुसरा उपाय घेईन: फेटे आणि ध्वज सपाट भगवे, गुलालाचा धुरळा आणि गर्दी गुलाबी ठिपक्यांत, बाकी शाई काळी. दोन रंगांचे ठिपके एकमेकांवर येणार असतील तर त्यांच्या कोनांत ३० अंशांचा फरक ठेवा, छपाईत काळ्याला ४५ आणि किरमिजीला ७५ देतात तसा. जवळजवळ सारख्या कोनांत ठेवले की त्यांच्यातून तिसरीच नक्षी तयार होते.

ही तिसरी नक्षी म्हणजेच तुमच्या प्रिंटमधले पट्टे. छपाईवाले त्याला मॉइरे म्हणतात. नियमित ठिपक्यांचं चित्र लहान-मोठं केलं की जुन्या ठिपक्यांची ओळ आणि नव्या पिक्सेलची ओळ जुळत नाही, आणि ठरावीक अंतराने ती जुळते-सुटते तिथे पट्टे उमटतात. तुम्ही ठिपके आधी टाकून नंतर आकार बदलला असेल, किंवा दुकानात प्रिंट काढताना `Fit to page` चालू असेल, तर ९७ टक्क्यांना झालेली प्रिंटही हे पट्टे आणते. प्रिंट `Actual size` वर, १०० टक्क्यांवर काढायला सांगा. फाइल पीएनजी किंवा टिफ द्या. जेपेग नको, कारण ते चित्र आठ बाय आठच्या चौकोनांत दाबतं आणि प्रत्येक ठिपक्याभोवती करडी धूळ उडते. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायची वेळ आलीच तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

स्क्रीनवर दिसणाऱ्या पट्ट्यांना मात्र घाबरू नका. ३३ किंवा ६६ टक्के झूमवर गिम्प स्वतःच चित्र लहान करून दाखवतं, त्यामुळे नसलेले पट्टे दिसतात. ठिपके नेहमी १०० टक्क्यांवर तपासा. तिथे नसतील तर फाइलमध्ये नाहीत.

मांडवातलीच चित्रं इन्स्टाग्रामवरही टाकणार असाल तर ए-३ची फाइल लहान करून टाकू नका. ४९६१ वरून १०८० वर आलात की १२ पिक्सेलचं अंतर अडीच पिक्सेलवर येतं, तिथे ठिपका उरत नाही, करडा डाग उरतो. रेषा, भरीव काळं आणि पोस्टराइझ केलेली छटा हे तीन लेअर ठिपके टाकण्याआधीच वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवा. ती फाइल १०८० पिक्सेलची करा आणि ठिपके तिथे नव्याने, सात-आठ पिक्सेलच्या अंतराने टाका. गिम्प ३ वापरत असाल तर `Newsprint` लेअरवर फिल्टर म्हणूनच राहतो आणि त्याचा आकडा नंतर बदलता येतो. २.१० मध्ये तो लगेच चित्रात मुरतो, म्हणून प्रत ठेवणं भाग आहे.

पूर्ण ए-३ काढण्याआधी एका चेहऱ्याचा आणि ढोलाच्या थोड्या भागाचा ए-४ एवढा तुकडा कापा, आकार न बदलता, आणि ज्या दुकानात शेवटच्या प्रिंट काढणार तिथेच, त्याच कागदावर काढून बघा. भिंतीला लावून सहा फूट मागे जा. ५० टक्क्यांच्या छटेत ठिपके चिकटलेले दिसले तर `Curves` मध्ये १३० चे १५० करा. रेषा बारीक वाटली तर ब्लर ९ चा ११ करा. लेझरच्या प्रिंटवर टोनर चकाकतो आणि मांडवातल्या दिव्यांखाली काळा भाग उलट उजळ दिसतो, तेव्हा चकचकीत कागद टाळून साधा मॅट जाड कागद घ्या.

तुमचा फोटो दुपारचा आहे की संध्याकाळचा आणि पुढच्या ढोलवाल्याचा चेहरा ए-३ वर साधारण किती सेंटिमीटर येतो, एवढं कळवलंत तर `Max. delta` आणि `Threshold` चे आकडे आणखी नेमके सांगता येतील.